एक बिल, चार वाटे

घर विभक्त झाले तरी काही गोष्टी एकत्रच राहतात. विहीर, देवघर, गल्लीत उघडणारा दरवाजा आणि अलीकडच्या काळात मोबाइलचे बिल. नरडाण्याच्या एका घरात दोन भावांच्या चुली काही वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. थोरले बंधू धान्याचे दुकान पाहतात, धाकटे औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात हिशेबनीस आहेत. मातोश्री, ज्यांना घरात सारे 'बाई' म्हणतात, दोन्ही घरांत आलटून-पालटून जेवतात. थोरल्यांचा मुलगा पुण्यात शिकतो. चुली वेगळ्या, दुकानाच्या वह्या वेगळ्या. पण चौघांचे मोबाइल मात्र एकाच पोस्टपेड योजनेत आले. बचत व्हावी हा हेतू होता. बचत झालीही, परंतु तिचा वाटा कोणाला किती, या प्रश्नाने काही महिने त्या घरात शांतपणे ठाण मांडले.

प्रथम योजना समजून घेऊ. भारतात चार सिमांनी एकच डेटा वापरण्याची 'जिओ प्लस' ही योजना मार्च २०२३ मध्ये आली. मुख्य क्रमांकाला ३९९ रुपये आणि जोडीच्या प्रत्येक सिमला ९९ रुपये असा तेव्हाचा दर होता. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर तो अनुक्रमे ४४९ आणि १५० रुपये झाला. मुख्य क्रमांकाबरोबर महिन्याला ७५ जीबी डेटा मिळतो. जोडीची जास्तीत जास्त तीन सिमे घेता येतात आणि प्रत्येक सिमबरोबर ५ जीबीची भर पडते. म्हणजे चार सिमांचे कुटुंब ४४९ अधिक तीनदा १५०, असे ८९९ रुपये देते. त्यावर अठरा टक्के जीएसटी धरला की बिल १०६० रुपये ८२ पैशांचे होते आणि चौघांच्या हाती ९० जीबीचा एकच साठा येतो. पुढील सर्व हिशेब याच दरांवर केला आहे. दर बदलले तर आकडे बदलतील, रीत बदलणार नाही.

'एकच साठा' या दोन शब्दांत सारे मर्म आहे. कुटुंबाची म्हणून विकली जाणारी प्रत्येक योजना अशी नसते. काही योजनांत बिल तेवढे एक असते, डेटा मात्र प्रत्येक क्रमांकाला ठरवून वेगळा दिलेला असतो. तेथे एकाने उरवलेले दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही आणि एकाच्या उधळपट्टीची झळ दुसऱ्याला लागत नाही. खऱ्या सामायिक साठ्यात दोन्ही होते. प्रीपेडमध्ये रोजची मर्यादा असते. ती संपली की वेग मंदावतो आणि दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा रुळावर येते. सामायिक साठ्याला असा रोजचा लगाम नाही. जो आधी उपसेल त्याचे, असा त्याचा स्वभाव आहे. पांझरेच्या काठी बंधाऱ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या फड पद्धतीची आठवण येथे यावी. बंधारा सर्वांचा, पाणी एकच. म्हणून शेतकऱ्यांनी पाटकरी नेमला. कोणाच्या वाफ्याला पाणी केव्हा द्यायचे हे तो ठरवतो, म्हणून पाटाच्या शेवटच्या शेतालाही पाणी पोहोचते. मोबाइलच्या साठ्याला पाटकरी नसतो. साठा संपला की पाणी थांबतही नाही. या योजनेत पुढच्या प्रत्येक जीबीला १० रुपये आणि त्यावर कर, असे ते बिलात चढत जाते.

प्रारंभी थोरल्यांनी सारे बिल स्वतः भरले. दोन महिन्यांनी धाकटे म्हणाले, "दादा, चुली वेगळ्या आहेत, मग हे ओझे तुम्ही एकट्याने का वाहायचे?" तेव्हा चार सरळ वाटे ठरले, प्रत्येकी २६५ रुपये. मुलाचा वाटा अर्थात थोरल्यांच्याच खिशातून जाणार होता. बाईंनी आपला वाटा आपण देणार असे निक्षून सांगितले. पोस्टातील ठेवीचे व्याज त्यांना दरमहा मिळते. त्यातून त्या २६५ रुपये काढून देवघराच्या कोनाड्यात ठेवू लागल्या. समान वाटा सर्वांना न्याय्य वाटला, कारण समानता दिसायला न्यायासारखीच असते.

समान वाटणी पारखून घ्यायची असेल तर एक प्रश्न विचारावा: हीच व्यक्ती एकटी असती तर तिला किती खर्च आला असता? धाकट्यांनी एका रविवारी वही काढून हा हिशेब मांडला. बाईंना फोनवर बोलायला आणि थोडेफार पाहायला २ जीबीचे १८९ रुपयांचे रिचार्ज पुरत असे. दोघे भाऊ रोज दीड जीबी देणारे २९९ चे रिचार्ज करीत. मुलाला रोज २ जीबीचे ३४९ रुपयांचे लागे. येथे एक बारकावा आहे, जो घाईत निसटतो. प्रीपेडची ही रिचार्ज २८ दिवसांची असतात आणि पोस्टपेडचे बिल महिन्याचे. वर्षात बिले बारा येतात, रिचार्ज मात्र तेरा करावी लागतात. म्हणून १८९ ला तेराने गुणून बाराने भागले पाहिजे. तेव्हा बाईंचा खरा मासिक खर्च २०४ रुपये ७५ पैसे निघतो. त्याच रीतीने प्रत्येक भावाचा ३२३ रुपये ९२ पैसे आणि मुलाचा ३७८ रुपये ८ पैसे. प्रीपेडच्या किमतीत कर आलेला असतो, म्हणून पोस्टपेडचाही आकडा करासह घेतला तरच तुलना खरी ठरते. चौघांची बेरीज १२३० रुपये ६७ पैसे होते. सामायिक बिल १०६० रुपये ८२ पैसे. महिन्याला सुमारे १७० रुपयांची बचत, यात शंका नाही.

परंतु त्याच वहीत दुसरी ओळही होती. बाई एकट्या असत्या तर २०५ रुपयांत भागले असते. एकत्र आल्यामुळे त्या २६५ देत होत्या. घराची बचत होत होती आणि घरातील सर्वांत कमी वापर करणारी व्यक्ती वर्षाला सव्वासातशे रुपयांनी तोट्यात होती. रक्कम मोठी नव्हे. पण ज्या एकत्रपणामुळे कोणाचा तरी खर्च एकटेपणापेक्षा वाढतो, त्याला बचत म्हणता येत नाही. ती एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेलेली रक्कम असते. बाईंना हे कळले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "व्याजाचा हिशेब मला दाखवता, मग हाही दाखवायचा होता."

मग उलट टोक गाठले गेले. जो जितका वापरेल तितके त्याने द्यावे. त्या महिन्यात बाईंनी ४ जीबी वापरला होता, थोरल्यांनी १४, धाकट्यांनी २० आणि मुलाने ५०, एकूण ८८. बिलाला ८८ ने भागले तर एका जीबीला साधारण १२ रुपये ५ पैसे पडतात. बाईंचा वाटा ४८ रुपयांवर आला, थोरल्यांचा १६९, धाकट्यांचा २४१ आणि मुलाचा ६०३ रुपये. एकट्याने रिचार्ज केले तर ज्याला ३७८ रुपये लागतात, त्याने ६०३ का द्यावे? पुण्याहून फोनवर त्याने हाच प्रश्न विचारला. "काका, मग मला वेगळेच करा. एकटा मी स्वस्तात राहतो." तो उद्धटपणा नव्हता, तो हिशेब होता.

वापरानुसार वाटणी येथे का चुकली? कारण बिल केवळ डेटाचे नसते. सिम चालू ठेवणे, अमर्याद बोलणे, बँकेचा ओटीपी येणे, हे सारे बाईंनाही मिळते. त्या एक जीबीही न वापरता दिवसभर बोलू शकतात. ४८ रुपयांत हे सारे त्यांना बाजारात कोणी दिले नसते. बिलात दोन वेगळे खर्च एकत्र बांधलेले असतात: जोडणी असण्याचा खर्च आणि साठा वापरण्याचा खर्च. विजेचे बिल पाहणाऱ्याला हे नवे नाही. त्यात स्थिर आकार वेगळा असतो आणि युनिटनुसार येणारा वीज आकार वेगळा. घर महिनाभर बंद राहिले तरी पहिला भरावाच लागतो. अमेरिकेत व्हेरायझन कंपनीने जून २०१२ मध्ये सामायिक डेटाची योजना आणली, तेव्हा तिने दर याच रीतीने मांडले होते: प्रत्येक स्मार्टफोनच्या जोडणीला ४० डॉलर आणि साठ्याचे वेगळे, १ जीबीला ५० डॉलरपासून पुढे. आपल्याकडच्या योजनेत ही विभागणी मुख्य आणि जोडीच्या सिमांच्या दरांत झाकलेली आहे, एवढेच.

ती उघडी करायला फार गणित लागत नाही. जोडीच्या एका सिमचे १५० रुपये, करासह १७७. कंपनी स्वतःच सांगते की या योजनेत एक माणूस वाढवण्याचा खर्च १७७ आहे. तर मग मुख्य क्रमांकवाल्यासह प्रत्येकाच्या नावावर १७७ रुपये जोडणीखर्च लिहावा. चौघांचे झाले ७०८. बिलातून ते वजा केले की ३५२ रुपये ८२ पैसे उरतात. हा साठ्याचा खर्च. तो तेवढा वापरानुसार वाटावा. ८८ जीबीवर तो जीबीमागे चार रुपयांहून किंचित अधिक येतो. बाईंचे १७७ अधिक १६, म्हणजे १९३ रुपये. थोरल्यांचे २३३. धाकट्यांचे २५७. मुलाचे ३७७ रुपये ४७ पैसे. बिल पुऱ्या रुपयांत जुळावे म्हणून ते ३७८ धरले. बेरीज १०६१.

आता प्रत्येक आकडा त्या व्यक्तीच्या एकट्याच्या खर्चाशेजारी ठेवून पाहावा. बाई २०५ ऐवजी १९३. थोरले ३२४ ऐवजी २३३. धाकटे ३२४ ऐवजी २५७. मुलगा जवळजवळ होता तेथेच, पण वर नाही. कोणीही तोट्यात नाही. न्याय्य वाटणीची ही किमान अट आहे आणि समान वाटणी व निव्वळ वापरानुसार वाटणी, दोन्ही या अटीवर नापास झाल्या होत्या. प्रत्येक घरात हीच रीत उत्तीर्ण होईल असे मात्र नाही. एखाद्याचा वापर याहून अधिक असता तर त्याचा वाटा त्याच्या एकट्याच्या खर्चावर गेला असता. तसे झाले तर त्याच्या वाट्याला त्याच्या एकट्याच्या खर्चाचीच कमाल मर्यादा घालावी आणि उरलेली रक्कम इतरांनी आपापल्या बचतीच्या प्रमाणात उचलावी.

तरीही धाकट्यांच्या मनात एक सल राहिला होता. अर्ध्याहून अधिक साठा एकटा पुतण्या संपवतो. त्याने खरोखरच वेगळे रिचार्ज केले तर बरे नव्हे का? त्यांनी तोही हिशेब करून पाहिला, आणि त्या घरातील मनोमालिन्य खऱ्या अर्थाने निवळले ते येथे. मुलगा बाहेर पडला तर बिल फक्त १७७ रुपयांनी कमी होते, म्हणजे ८८३ रुपये ८२ पैसे उरते. तिघे स्वतंत्र राहिले असते तर त्यांचा खर्च २०४ रुपये ७५ पैसे अधिक दोनदा ३२३ रुपये ९२ पैसे, असा ८५२ रुपये ५९ पैसे आला असता. तिघांसाठी ही योजना स्वतंत्र रिचार्जपेक्षा महाग पडते! पुतण्या बाहेर पडताच बचत संपते आणि ३१ रुपयांचा तोटा सुरू होतो. कारण सरळ आहे. मुख्य क्रमांकाबरोबर ७५ जीबी मिळो न मिळो, कमी वापरणाऱ्या तिघांना त्याचे काही करता येत नाही. त्यांचा वापर ३८ जीबीत संपतो. मोठा साठा विकत घेण्यात अर्थ आहे तो तो वापरणारा कोणी असेल तरच. ज्याच्याकडे घर 'उधळ्या' म्हणून पाहत होते, तोच या योजनेला परवडण्याजोगी करीत होता. सामायिक योजनेत कोण जास्त वापरतो यापेक्षा कोणाच्या जाण्याने किती खर्च खरोखर वाचतो आणि त्याच्याबरोबर किती वर्गणी जाते, हे पाहावे.

यानंतरचा प्रश्न साठा ओलांडण्याचा होता. पर्युषणाच्या महिन्यात बिल एकाएकी वाढून आले. एकूण वापर १०० जीबी झाला होता; वरच्या १० जीबीचे १०० रुपये आणि कर १८. साठा संपल्याचा संदेश आला तेव्हा धाकटे क्रिकेटचा सामना पाहत होते, म्हणून सहज त्यांच्याकडे बोट गेले. शेवटचा पेला ज्याने भरला त्यानेच माठ रिकामा केला असे मानण्यासारखे ते होते. मोबाइल तपासले तेव्हा धाकट्यांचा वापर नेहमीचाच, २० जीबी निघाला. थोरल्यांचा १३, मुलाचा ५१ आणि बाईंचा १६. गुडघ्यांमुळे स्थानकात जाणे होत नव्हते, म्हणून बाई रोज दोन तास प्रवचनाचे थेट प्रक्षेपण मोबाइलवर पाहत होत्या, आणि चित्राची प्रत आपोआप उंचावर राहिली होती.

तपासणीची रीत सोपी आहे, पण दोन ठिकाणी चूक होते. अँड्रॉइड मोबाइलच्या सेटिंगमध्ये डेटा वापराचे चक्र कोणत्या तारखेला सुरू व्हावे हे ठरवता येते; ती तारीख बिलाच्या तारखेशी जुळवली नाही तर दोन वेगळ्या महिन्यांची तुलना होते. आयफोनमध्ये हा आकडा आपोआप शून्यावर येत नाही, तो बिलाच्या दिवशी हाताने पुसावा लागतो. दुसरी चूक हॉटस्पॉटची. मुलाचा लॅपटॉप काकांच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालला, तर वापर काकांच्या नावावर पडतो. वायफायवरचा वापर मात्र या साठ्यात धरला जात नाही. चौघांच्या आकड्यांची बेरीज कंपनीच्या आकड्याशी थोडी पुढेमागे होते. बिल कंपनीच्या आकड्यावरच होते, म्हणून मोबाइलचे आकडे फक्त प्रमाण ठरवण्यासाठी वापरावेत.

घराने मग नियम लिहिला. मूळ वाटे १९३, २३३, २५७ आणि ३७८ हे सहा महिने तसेच राहतील. दरमहा भागाकार नको. साठ्यात प्रत्येकाची हद्द ठरली: बाई ५, थोरले १५, धाकटे २०, मुलगा ५०, बेरीज बरोबर ९०. घराचा साठा ओलांडला तरच ज्यांनी आपली हद्द ओलांडली त्यांनी, जितकी ओलांडली त्या प्रमाणात, वरचा खर्च द्यावा. साठ्यात बसत असेल तर एकाने उरवलेले दुसऱ्याने विनामूल्य वापरावे, नाहीतर सामायिक साठ्याला अर्थ काय? त्या महिन्यात बाई ११ जीबीने पुढे होत्या, मुलगा एकाने. ११८ रुपयांचे बारा भाग केले तर बाईंचे १०८ आणि मुलाचे १० रुपये येतात.

ते १०८ रुपये बाईंकडून घेतले गेले नाहीत. दोन्ही भावांनी ते निम्मे-निम्मे भरले. बाईंनी आग्रह धरला तेव्हा थोरले म्हणाले, "बाई, हिशेब तुमच्या नावावर लिहिला आहे, भरणे आम्हाला करू द्या." हा भेद लहान नाही. आधी न्याय्य वाटा काढावा, मग ज्याला सोडायचे त्याने सोडावे. समान वाटणीत बाई न कळत देत होत्या, ते दान नव्हते. भावांनी जाणून दिले, ते देणे होते. पुढच्या महिन्यापासून प्रक्षेपणाच्या चित्राची प्रत ७२० वरून ३६० वर आणली गेली आणि बाईंचा वापर बराच खाली आला. त्यांना चेहरा ओळखू येण्यापेक्षा शब्द ऐकू येणे महत्त्वाचे होते.

एक जबाबदारी मात्र वाटता येत नाही. बिल मुख्य क्रमांकधारकाच्या नावावर असते. ते थकले तर चारही सिमे अडचणीत येतात. पुण्यातील मुलाचा फोन, बाईंचा फोन आणि दुकानाच्या खात्याचे ओटीपी एकदमच. इतरांनी पैसे दिले नाहीत हे कारण कंपनीपुढे चालत नाही. म्हणून घरात असे ठरले की बिल येण्याआधीच, दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत, सर्वांनी आपला वाटा थोरल्यांच्या खात्यात जमा करावा. दर बदलला किंवा कोणाचे राहणे-शिकणे बदलले, तर एकट्याच्या खर्चाचा रकाना पुन्हा भरावा आणि चौघांपैकी कोणी तोट्यात जात नाही ना, हे पुन्हा पाहावे. मुलाची नोकरी लागून तो बाहेर पडेल त्या दिवशी ही योजना बंद करायची, हेही आताच वहीत लिहून ठेवले आहे.